हातात चौदा लाख, डोक्यात आयडिया नाही : फ्रँचायजी घ्यायची की स्वतःचं काढायचं?



गेल्या महिन्यात मुळशीतल्या भरे गावातून एका दादांचा फोन आला. वय सत्तेचाळीस. पिरंगुटच्या एका कंपनीत बावीस वर्षं स्टोअरमध्ये काढली, मग कंपनीने माणसं कमी केली आणि हे घरी बसले. पीएफ, ग्रॅच्युइटी आणि कंपनीने दिलेले पैसे मिळून चौदा लाख हातात आहेत. मुलगी बारावीला. ते म्हणाले, "सर, पैसे आहेत, पण डोक्यात आयडिया एकही नाही. म्हणून चहाची फ्रँचायजी बघून आलो. शनिवारी टोकन द्यायला बोलावलंय. देऊ का?"

मी विचारलं, "शनिवारीच का?" तर म्हणे, "भरेचा एरिया दुसरा एक जण घ्यायच्या तयारीत आहे असं ते म्हणाले."

हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता मोजायचं सोडलंय. आजचा लेख या दादांवर आहे, त्यांची परवानगी घेऊन. कारण "पैसे आहेत, आयडिया नाही" ही एकट्या त्यांची अडचण नाही. आणि माझं मत आधीच सांगून टाकतो : आयडिया नाही म्हणून फ्रँचायजी घेणं हे चुकीचं कारण आहे. फ्रँचायजी चांगली असू शकते, पण तिचं कारण वेगळं असावं लागतं.

फ्रँचायजीत तुम्ही नेमकं काय विकत घेता?

दादांना वाटत होतं की ते आयडिया विकत घेतायत. पण चहा विकायचा ही काही कुणाची आयडिया नाही. पुण्यातलं अमृततुल्यच बघा. राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी पुण्यात ही दुकानं काढली. पुढे कुणी देवाचं नाव लावलं, कुणी देवीचं, आणि मागे सगळ्यांनी "अमृततुल्य" हाच शब्द लावला. त्या शब्दासाठी कुणी कुणाला रॉयल्टी दिली नाही. पोरगा काकाच्या नाहीतर गाववाल्याच्या दुकानात राहायचा, पातेलं घासायचा, वेलची-आलं कुटायचा, गल्ल्यावर बसायचा आणि हात बसला की दुसऱ्या चौकात स्वतःचं दुकान टाकायचा. धंदा नवा नव्हता आणि फ्रँचायजीही नव्हती. हा तिसरा रस्ता आहे, आणि "फ्रँचायजी की नवीन आयडिया" असा प्रश्न विचारताना आपण नेमका तोच विसरतो.

मग फ्रँचायजीवाला देतो काय? तो मुख्यतः बोर्ड देतो. म्हणजे अनोळखी माणसाचा विश्वास. ताम्हिणीला निघालेली गाडी पौड रस्त्यावर थांबते. गाडीतल्या माणसाला तुमचं नाव माहीत नाही, तुमच्या दुधाबद्दल माहिती नाही. बोर्ड ओळखीचा असला की तो आत येतो. तिथे बोर्डाला किंमत आहे.

आता दादांची जागा बघा. घोटवडे फाट्याकडून भरेकडे जाणारा रस्ता. गिऱ्हाईक कोण? आजूबाजूच्या कंपन्यांतले कामगार, टेम्पोवाले, गावातली माणसं. रोज तीच तोंडं. हा माणूस पहिल्या दिवशी कदाचित बोर्ड बघून येईल, पण आठव्या दिवशी तो चहा चांगला आहे का, सुटे पैसे पटकन मिळतात का आणि दोन मिनिटांत कप हातात येतो का, एवढंच बघतो. तो विश्वास तुम्ही स्वतः महिन्याभरात कमावू शकता. मग त्याचे पैसे दुसऱ्याला का द्यायचे?

म्हणून पहिला नियम लिहून ठेवा : गिऱ्हाईक जितकं अनोळखी, तितकी बोर्डाची किंमत जास्त. गिऱ्हाईक जितकं रोजचं, तितकी कमी.

"रॉयल्टी झिरो" म्हणजे काय ते कपात मोजा

दादांना दिलेल्या माहितीपत्रकात मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, "रॉयल्टी झिरो". त्यावर ते खूश होते. मी म्हटलं, कागद-पेन घ्या, आपण एका कपाचा हिशेब करू. पुढचे आकडे आम्ही त्यांच्या जागेसाठी धरलेले आहेत, तुम्ही तुमच्या गावचे घाला.

चहा दहा रुपयांचा धरला. एका लिटर दुधात साधारण वीस कप बसतात, दूध साठ रुपये लिटर, म्हणजे कपाला तीन रुपयांचं दूध. चहा पावडर, साखर, मसाला एक रुपया. कागदी कप आणि गॅस एक रुपया. पाच रुपये गेले, पाच उरले.

आता महिन्याचा खर्च. जागाभाडं पंधरा हजार, दोन माणसांचा पगार अठ्ठावीस हजार, वीज आणि किरकोळ पाच हजार. झाले अठ्ठेचाळीस हजार. दादांचा स्वतःचा पगार पंचवीस हजार. हा पगार लोक धरतच नाहीत आणि मग "धंदा नफ्यात आहे" म्हणत फुकट राबतात. एकूण त्र्याहत्तर हजार.

स्वतःचं दुकान टाकलं असतं तर ओटा, शेगडी, भांडी, बोर्ड, थोडं फर्निचर मिळून अडीच लाख लागले असते. ते पाच वर्षांत वसूल करायचे म्हटले तर महिना चार हजार. एकूण सत्त्याहत्तर हजार. कपामागे पाच रुपये सुटतात, म्हणजे महिन्याला 15,400 कप. महिन्यात कामाचे सव्वीस दिवस धरले तर दिवसाला साधारण 590 कप.

आता फ्रँचायजी. फी तीन लाख. तिच्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे चोपन्न हजार, हे पत्रकात बारीक अक्षरात होतं. त्यांनीच नेमलेल्या माणसाकडून इंटिरियर आणि मशिनरी, साडेपाच लाखांच्या आसपास. मिळून नऊ लाख. करार पाच वर्षांचा, म्हणजे नऊ लाख साठ महिन्यांत वसूल व्हायलाच पाहिजेत. महिना पंधरा हजार. एकूण खर्च अठ्ठ्याऐंशी हजार.

आणि रॉयल्टी? ती झिरोच होती. पण चहा पावडर आणि मसाला त्यांच्याकडूनच घ्यायचा, त्यांच्या भावाने. दादांनी भावपत्रक दाखवलं. बाजारात कपाला एक रुपया पडणारा माल तिथे दोन रुपयांना पडत होता. कपामागे एक रुपया जास्त. दहा रुपयांच्या कपात एक रुपया म्हणजे विक्रीच्या दहा टक्के! रॉयल्टी गेलेली नव्हती, ती मसाल्याच्या पाकिटात बसली होती. आता कपामागे चारच रुपये उरले. अठ्ठ्याऐंशी हजाराला चारने भागा, 22,000 कप. दिवसाला जवळपास 850.

इथे अजून एक गाठ आहे, ती सहसा कुणी सांगत नाही. 22,000 कप म्हणजे महिन्याला दोन लाख वीस हजारांची विक्री, वर्षाला सव्वीस लाखांच्या वर. हॉटेल-चहावाल्याची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते आणि पाच टक्के भरावा लागतो. गिऱ्हाईक तर दहाचेच देणार. म्हणजे अजून जवळपास पन्नास पैसे तुमच्या खिशातून. शिवाय या पाच टक्क्यांच्या पद्धतीत फीवर भरलेल्या जीएसटीची वजावट मिळत नाही, ते चोपन्न हजार गेले ते गेलेच. आता कपामागे साडेतीन रुपये धरून परत भागाकार केला तर आकडा येतो दिवसाला साधारण 960 कप. स्वतःच्या दुकानाला 590 कप लागत होते, तेव्हा उलाढाल वीस लाखांच्या आतच राहत होती.

आता प्रश्न एकदम सोपा झाला. फ्रँचायजी चांगली की वाईट हा प्रश्नच नाही. प्रश्न असा : या जागेवर तो बोर्ड रोज 370 कप जास्त खपवून देईल का? पौड रस्त्यावर, पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी कदाचित देईल. भरेच्या रस्त्यावर, बुधवारी दुपारी?

तीन दिवस रस्त्यावर बसा

दादांना मी सांगितलं, शनिवारचं टोकन पुढे ढकला. एरिया गेला तर जाऊ द्या. आधी तीन दिवस जागेसमोर बसा. त्यातला एक दिवस गुरुवार असला पाहिजे, कारण पुण्याच्या बऱ्याच औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते.

मोजायची युक्तीही सांगतो. कप मोजत बसू नका, दुधाच्या पिशव्या मोजा. संध्याकाळी टपरीमागे अर्ध्या लिटरच्या रिकाम्या पिशव्या पडलेल्या असतात. एक पिशवी म्हणजे दहा कप. 590 कपांना साठ पिशव्या लागतात, 960 कपांना शहाण्णव. चहावाल्याला विचारलंत तर तो "काही नाही हो, कसंबसं चाललंय" म्हणेल. पिशव्यांना बोलता येत नाही, त्यामुळे त्या खोटंही बोलत नाहीत.

दादा सकाळच्या पाळीच्या आधीपासून अंधार पडेपर्यंत बसले. त्या जागेच्या आसपास दोन टपऱ्या आहेत. बुधवारी दोघींच्या मिळून पिशव्या निघाल्या चौसष्ट. गुरुवारी सतरा. त्यांना आणखी एक गोष्ट दिसली, जी कंपनीत बावीस वर्षं काढूनही सुचली नव्हती : बऱ्याच कंपन्यांत चहा आतच मिळतो, आणि पाळी चालू असताना कामगार गेटबाहेर येऊ शकत नाही. म्हणजे टपरीचा खरा धंदा पाळी सुटते-भरते त्या अर्ध्या तासाचा. मधले तास टेम्पोवाल्यांवर.

आता बघा, दोन चालू टपऱ्यांचं सगळं गिऱ्हाईक एका रात्रीत दादांकडे आलं असतं तरी 640 कप. स्वतःच्या साध्या दुकानाला जेमतेम पुरे, तेही दोन गरीब माणसांचा धंदा मोडून. फ्रँचायजीला तर कमीच. चौदा लाखांतले दहा लाख गुंतणार होते, डिपॉझिट धरून, आणि उत्तर मिळालं रिकाम्या पिशव्यांत.

मग फ्रँचायजी कधीच घ्यायची नाही का?

घ्यायची की! जागा रहदारीची असेल, गिऱ्हाईक अनोळखी असेल आणि हिशेब उघडा असेल तर जरूर घ्यावी. हिशेब उघडा म्हणजे कसा? अमूलचं बघा. त्यांच्या दुकानाच्या योजनेत रॉयल्टी नाही, आणि कशावर किती सुटतं ते ते स्वतःच वेबसाइटवर सांगतात : पिशवीच्या दुधावर अडीच टक्के, इतर दुग्धपदार्थांवर दहा, आइस्क्रीमवर वीस, छापील किमतीवर. त्यामुळे सही करण्याआधीच तुम्हाला कळतं की नुसत्या दुधावर घर चालणार नाही, लिटरमागे दीड रुपयाच्या आसपास सुटणार, तेव्हा आपल्या गावात आइस्क्रीम आणि चीज-पनीर किती खपेल तेच बघायला हवं. (आणि अमूलच्याच नावाने फ्रँचायजी देतो म्हणून फसवणारे भरपूर आहेत. कंपनी स्वतः तसा इशारा देते. फोनवर कुणी पैसे भरायला सांगितलं तर थांबा.)

उलट ज्यांचा हिशेब उघडा नसतो त्यांना तो उघडा करायला भाग पाडणारा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. अमेरिकेत फ्रँचायजी देणाऱ्याला सही आणि पैसे घेण्याच्या किमान चौदा दिवस आधी सगळी माहिती लेखी द्यावी लागते : चालू दुकानं किती, बंद पडलेली किती, कोर्टकचेऱ्या किती. आपल्याकडे ते काम तुम्हालाच करायचंय. कंपनीने दिलेल्या तीन फोन नंबरांवर विसंबू नका, ते खूशच असणार. बंद पडलेलं दुकान शोधा. जुन्या नकाशात, इंटरनेटवरच्या जुन्या फोटोंत, शेजारच्या दुकानदाराकडे पत्ता लागतो. त्या माणसाला दोनच प्रश्न विचारा : रोज दूध किती लागायचं, आणि बंद करताना काय काय परत मिळालं?

हे मी अनुभवावरून सांगतोय. धंद्याच्या सुरुवातीला मीही एका खाद्यपदार्थांच्या ब्रँडची फ्रँचायजी घेतली होती. चौदा महिन्यांत बंद केली. फी परत नाही, हे माहीत होतं. पण इंटिरियर त्यांच्या रंगाचं, मशीन त्यांच्या मापाचं, त्यामुळे भंगाराच्या भावात गेलं. करारात लिहिलं होतं की बंद केल्यावर दोन वर्षं त्याच भागात तोच धंदा करायचा नाही, आणि वाद झाला तर लवाद दुसऱ्या राज्यात. करार संपल्यानंतरची अशी बंदी आपल्या कायद्यात सहसा टिकत नाही, हे मला नंतर वकिलाने सांगितलं. पण ते सिद्ध करायला दुसऱ्या राज्यात चकरा मारायची ताकद तेव्हा कुणात होती? सही करण्याआधी वकिलाला दाखवायला काही हजार लागले असते. ते मी वाचवले होते.

"आयडिया नाही" हे खरं नसतं

टोकन राहिलं. पण दादांचा मूळ प्रश्न तसाच होता : "मग करू काय? डोक्यात तर काही नाही."

मी विचारलं, "स्टोअरमध्ये बावीस वर्षं रोज वैताग कशाचा यायचा?" त्यांनी एका सेकंदात उत्तर दिलं, "पॅलेट!" लाकडी पॅलेट, ज्यावर माल रचतात ते. फोर्कलिफ्टचा काटा लागून फळी तुटते, ठोकळा निखळतो. एका तुटक्या फळीमुळे अख्खं पॅलेट बाद, ते कोपऱ्यात रचलं जातं, जागा अडते, शेवटी भंगारात जातं आणि नवीन विकत घ्यावं लागतं. दुरुस्तीवाला बोलावला तर पाच-दहा नगांसाठी येत नाही.

ही काही जगावेगळी आयडिया नाही. पॅलेट दुरुस्त करणारे आधीपासून आहेत. पण कोणत्या कंपनीच्या कोपऱ्यात ढीग आहे, कुणाला फोन करायचा, किती दिवसांनी बिल पास होतं, हे दादांना माहिती आहे. आयडिया म्हणजे दुसरं काही नसतं हो. दुसऱ्याचा वैताग, जो तुम्हाला आतून माहिती आहे.

त्यांनी जुन्या ओळखीतल्या तीन स्टोअरकीपरना फोन केला. एकाने वीस नग दिले. गावातला एक सुतार रोजावर घेतला, बाद पॅलेटच्याच चांगल्या फळ्या काढून वापरल्या. नगामागे अडीचशे रुपये घेतले. लाकूड, खिळे, टेम्पो आणि मजुरी मिळून एकशे ऐंशी गेले. सत्तर उरले. वीस नगांचे चौदाशे रुपये. हसू नका! दहा लाखांऐवजी चार हजारांत त्यांना कळलं की कुठे किती सुटतं, एका नगाला किती वेळ लागतो आणि टेम्पोचा खर्च कमी नगांवर परवडत नाही.

यालाही मर्यादा आहेत, त्या लपवत नाही. परदेशी माल पाठवायच्या पॅलेटला उष्णतेची प्रक्रिया करून शिक्का मारावा लागतो, तो मान्यता असलेल्या केंद्रातूनच. म्हणजे ते काम दादांचं नाही, फक्त देशातल्या मालाचं. दुसरं, कंपन्या पैसे उशिरा देतात. उद्यम नोंदणी मोफत होते, ती केल्यावर लेखी करारात कितीही दिवस ठरले तरी पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यायचा कायदा आहे. पण प्रत्यक्षात पंचेचाळीस दिवस लाकूड आणि मजुरी तुमच्याच खिशातून जाते. आणि तिसरं, पगार सुटण्याइतकं काम मिळायला महिन्याला साडेतीनशे-चारशे नग लागतील. ते मिळतील की नाही हे अजून दादांनाही माहिती नाही, मलाही नाही.

पण फरक कुठे आहे ते बघा. चौदा लाखांतले दहा लाख एफडीत ठेवलेत, मुलीचं शिक्षण आणि दोन वर्षांचा घरखर्च म्हणून. तीन लाख उधारीचा काळ काढायला. उरलेल्या एक लाखात सहा महिने प्रयोग. जमलं नाही तर एक लाख गेले आणि बराच शहाणपणा आला. फ्रँचायजीत उलटं झालं असतं : आधी दहा लाख गेले असते आणि शहाणपण मागून आलं असतं.

तेव्हा तुमच्या हातात पैसे असतील आणि डोकं रिकामं वाटत असेल तर टोकन देण्याआधी दोन कागद तयार करा. एकावर त्या धंद्याचा एका नगाचा हिशेब, तुमच्या पगारासकट. दुसऱ्यावर आजवरच्या नोकरीतले दहा वैताग. पहिल्या कागदावर आलेला आकडा घेऊन जागेसमोर तीन दिवस बसा. आणि "शनिवारपर्यंतच ऑफर आहे" असं कुणी म्हणालं तर त्याला सोमवारी फोन करा. दादांनी केला होता. भरेचा एरिया अजून मोकळाच होता.